बी.एस्सी. केमिस्ट्री झालंय, 62% आहेत. लगेच एम.एस्सी. करू की एमआयडीसीत फार्मा कंपनीत लागू? घरची परिस्थिती मध्यम.

लाग कामाला. दोन वर्षं तरी.

हे मी एम.एस्सी. झालेला माणूस म्हणून सांगतोय. बी.एस्सी. झाल्यावर मला आणि माझ्या वर्गातल्या एका मित्राला बोईसरच्या एकाच कंपनीतून बोलावणं आलं होतं, क्यूसीला, 13,000 पगार. तो गेला. मी जाणार होतो, पण आमच्या मामांनी घरी बैठकच घेतली, "बाटल्या धुवायला जातोय का, एम.एस्सी. कर, डायरेक्ट ऑफिसर होशील." आईला ते पटलं, मग काय. विनाअनुदानित तुकडीत ॲडमिशन मिळालं, फी वर्षाला 45,000 आणि रूम-मेस धरून महिन्याला 6,000. म्हणजे दोन वर्षांत 2,34,000 गेले आणि तिकडे मित्राने तेवढ्याच काळात 3,12,000 पगार घेतला (खर्च त्यालाही होता, पण तो स्वतःच्या पैशातून).

एम.एस्सी. झाल्यावर मी त्याच कंपनीत लागलो 18,000 वर. तो तेव्हा 19,500 वर होता आणि मला ट्रेनिंग द्यायला त्यालाच बसवलं.

दुसऱ्याच महिन्यात मी कॉलम घालवला. एचपीएलसीवर फॉस्फेट बफर आणि ॲसिटोनायट्राईलची मोबाईल फेज चालू होती, रन संपला, सेकंड शिफ्ट सुटायची वेळ, मला वाटलं पटकन वॉश करून निघू, म्हणून बफरवरून सरळ शंभर टक्के ॲसिटोनायट्राईल सोडलं. आता यात घोळ असा की बफरमधलं मीठ त्यात विरघळत नाही, ते आतच खडे धरतं. 150 बारच्या आसपास असणारं प्रेशर बघता बघता 350 च्या वर गेलं आणि पंप ट्रिप झाला. मित्र आला, म्हणाला, "अरे, आधी पाणी सोडायचं ना, अर्धा तास!" मग कमी फ्लोवर कोमट पाणी सोडून प्रेशर उतरवलं त्याने, पण सकाळी स्टँडर्ड मारला तर एका पीकचे दोन तुकडे. चाळीसेक हजारांचा कॉलम. इन्सिडेंट रिपोर्ट माझ्या नावाने. सॉल्ट का बसतं हे मी परीक्षेत लिहिलं असतं हो, पण दोन वर्षांत कॉलेजात एचपीएलसीला हात लावायला मिळाला तो एकदाच, तोही आम्ही वीस जण भोवती उभे आणि सर बटण दाबणार.

वेळेचं म्हणशील तर एक गोष्ट कुणी सांगत नाही. प्रॉडक्शनला जाणार असशील तर पुढे सगळं एफडीए अप्रूव्हलवर अडतं. औषध नियम 1945 मध्ये मॅन्युफॅक्चरिंग केमिस्टसाठी बी.फार्म.वाल्याला 18 महिने अनुभव पुरतो, केमिस्ट्रीच्या बी.एस्सी.ला 3 वर्षं लागतात. आणि तो अनुभव औषध बनवण्याचा, एम.एस्सी.ची दोन वर्षं त्यात धरत नाहीत. म्हणजे तुझं घड्याळ सुरू होणार तू प्लांटमध्ये पाय ठेवशील तेव्हा. मामांना हे मी दोनदा सांगून झालंय, ते म्हणतात "तरी पण डिग्री ती डिग्री". आता त्यांचाच मुलगा बी.एस्सी. झालाय आणि मागच्या महिन्यात फोन, "तुमच्याकडे काही जागा आहे का रे?"

बरं, आता मामांच्या बाजूचं पण सांगतो नाहीतर खोटं होईल. चार वर्षांनी मी क्यूसी सोडून मेथड डेव्हलपमेंटला गेलो, तिथे जाहिरातीतच एम.एस्सी. किंवा एम.फार्म. लिहिलेलं होतं. मित्राने पण अर्ज केला होता, त्याला बोलावलंच नाही, आणि माझ्यापेक्षा हात त्याचा चांगला. तो अजून क्यूसीतच आहे आणि आता पगार माझा जास्त आहे. त्याने मध्ये दोन वर्षं सोडून एम.एस्सी. करायचं ठरवलं होतं, पण तोवर बहिणीचं लग्न, घराचा हप्ता, राहिलंच. म्हणून दोन वर्षं म्हणतोय, पाच नाही. तुला सिंथेसिसच्या आर अँड डीत जायचं असेल किंवा नेट-सेट देऊन शिकवायचं असेल तर माझं वरचं सगळं सोड आणि ऑरगॅनिकला ॲडमिशन घे, तिकडे एम.एस्सी.शिवाय भागत नाही. सरकारी किंवा अनुदानित कॉलेजात कमी फीत सीट मिळत असेल तरी हिशोब बदलतो, माझा सगळा राग त्या 45,000 चा आहे.

आणि इंटरव्ह्यूला गेलास तर पगाराच्या आधी हे विचार की कंपनीच्या रोलवर घेताय की कॉन्ट्रॅक्टरच्या, आणि एक्सपिरियन्स लेटर कुणाच्या लेटरहेडवर मिळणार. आमच्याकडे एका पोराने दीड वर्ष इन्स्ट्रुमेंट चालवलं आणि सोडताना लेटर मिळालं ते लेबर कॉन्ट्रॅक्टरचं, त्यावर पद "हेल्पर".