मारिमेक्कोची रुंदी डेटातून आणायची

अरे, मारिमेक्को चार्टमध्ये कॉलमची उंची सेगमेंटचा वाटा दाखवते आणि रुंदी त्या विभागाचा मार्केटमधला वाटा, पण एक्सेलमध्ये प्रत्येक कॉलमची रुंदी वेगळी ठेवायची सोयच नाहीये, म्हणून ती डेटातूनच आणावी लागते. शंभर ओळी घे, एक ओळ म्हणजे मार्केटचा 1 टक्का, म्हणजे उत्तर विभाग 50 टक्के असेल तर त्याच्या सेगमेंटचे तेच आकडे सलग 50 ओळींत टाक, मग दक्षिण 30, पश्चिम 20. त्यावर `100% Stacked Column` लाव आणि `Gap Width` 0 कर, नाहीतर नुसत्या काड्या दिसतात. दोन विभागांमध्ये एक रिकामी ओळ सोडलीस की पांढरी फट मिळते. लेबल प्रत्येक विभागाच्या फक्त मधल्या कॉलमला, सगळ्यांना दिलंस तर काहीच वाचता येणार नाही. राउंडिंगमुळे ओळी 99 किंवा 101 झाल्या तर फरक सगळ्यात मोठ्या विभागात जिरव, तिथे डोळ्याला कळतही नाही.