ॲक्सिलरेशन आणि जर्क कमी केल्याने प्रिंटचे कोपरे सुधारतात का?

प्रश्न: थ्रीडी प्रिंटरचं ॲक्सिलरेशन आणि जर्क, म्हणजे वळणावर एकदम होऊ दिलेला वेगबदल, कमी केलं तर कोपरे धारदार येतील का? आवाज आणि वेळेत किती फरक पडेल?

उत्तर: कोपऱ्यानंतरच्या लाटा आणि ठकठक नक्की कमी होते, पण कोपरा धारदार होईलच असं नाही, मर्यादा फार खाली नेल्या तर तो उलट फुगतो. कारण वळणाआधी नोझल मंदावतं, पण आतला दाब लगेच उतरत नाही, म्हणून जास्तीचं प्लॅस्टिक तिथेच साचतं. बोट फिरवलं तर टोकाशी गाठ हाताला लागते. वेगानुसार नोझलमधला दाब आधीच कमी-जास्त करणारं लिनियर ॲडव्हान्स नीट लावलं असेल तर हा फुगवटा बराच आटोक्यात येतो.

वेळेचा फटका वस्तूच्या आकारावर ठरतो. वेग ६० मिमी/सेकंद आणि प्रत्येक कोपऱ्यावर पूर्ण थांबा धरला, तर २० मिमीच्या बाजूला २००० मिमी/सेकंद² ॲक्सिलरेशनवर ०.३६ सेकंद लागतात, ५०० वर ०.४५, म्हणजे पाव पट जास्त. २०० मिमीच्या बाजूला हाच फरक तीन टक्क्यांच्या आत राहतो. बारीक नक्षीकामात मात्र तो चांगलाच जाणवतो.

प्रिंटरवर मार्लिन फर्मवेअर असेल तर आधी हे करून बघा, पहिली ओळ ॲक्सिलरेशनची, दुसरी जर्कची:

```
M204 P500
M205 X5 Y5
```

फर्मवेअरमध्ये जर्कऐवजी जंक्शन डेव्हिएशन चालू असेल तर दुसरी ओळ लागू होत नाही. तिथे `M205 J` मूल्यासह वापरा. आणि मोटरची सततची शिट्टी यानं जाणार नाही, ती मोटर चालवणाऱ्या ड्रायव्हर चिपमुळे असते.