लाखोळीची डाळ आणि पायातल्या मुंग्या

"मॅडम, आम्ही भंडाऱ्याकडचे. सासूबाई घरची लाखोळीची डाळ पाठवतात, आठवड्यातून दोनदा तिचंच वरण असतं. मामाजींचे पाय तरुणपणी याच डाळीने गेले म्हणतात, अजून काठीशिवाय चालता येत नाही. आता दोन महिने झाले, यांच्या पायाला मुंग्या येतात. तेच सुरू झालंय का? सात वर्षांच्या मुलीलाही मी हीच डाळ घातली हो."

मी ठाण्यात आहार समुपदेशनाचं काम करते. ही बाई ऐरोलीहून आली होती. डोळे सुजलेले, आणि पिशवीत डाळीचा डबाच घेऊन आलेली. मी डाळ स्टीलच्या ताटात पसरली. तिच्यातले अख्खे दाणे कुऱ्हाडीच्या पात्यासारखे, एका बाजूला उतरते, चौकोनी, करड्या सालीचे. तुरीचा दाणा गोलसर असतो, दोन्ही शेजारी ठेवले की लगेच ओळखू येतात. डाळ केली की मात्र फरक पुसट होतो. ही लाखोळीच होती. काही भागात हिला लाख म्हणतात, हिंदीत खेसारी.

सासरे, म्हणजे तिचे मामाजी, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मुलाकडेच आले होते. पुढच्या वेळी मी त्यांना आणि तिच्या नवऱ्याला, दोघांनाही बोलावलं. म्हाताऱ्यांनी दाराशी चपला काढल्या तेव्हा माझी नजर तळव्यावर गेली. टाच जवळजवळ नवी, अंगठ्याकडचा भाग घासून पार पातळ झालेला. ते चवड्यावर, पाय ओढत चालत होते आणि गुडघे एकमेकांवर आपटत होते. पायात मात्र ताकद होती. हात लावला तर पोटरी दगडासारखी.

"बाबा, कसं झालं हो हे?"

"त्या साली धान गेलं," ते म्हणाले. "मी सालगडी. मालक मजुरीत लाखोळीच द्यायचा. सकाळी तिच्या पिठाची भाकर, राती तिचीच घुगरी. चार महिने दुसरं काही नाही. एका सकाळी उठलो त पोटऱ्या लाकडावानी झाल्या होत्या."

किती खायचे? हाताने दाखवलं त्यावरून मी अंदाज बांधला, दिवसाला पाव किलोच्या वरच. हे एकट्या त्यांचंच नव्हतं. मध्य प्रदेशात रीवाकडे वेठबिगारांना मजुरीत हीच डाळ मिळायची आणि तिथे असे पाय घराघरांत होते. धानाच्या उभ्या पिकात ही फेकून पेरतात, उतेरा म्हणतात त्याला. पाऊस दगा देतो, धान करपतं, लाखोळी मात्र तगते. म्हणजे घरात दुसरं काही उरत नाही, नेमक्या त्याच वर्षी ही ताटात एकटी येते.

या आजाराला लॅथिरिझम म्हणतात. डाळीत बीटा-ओडीएपी नावाचा पदार्थ असतो, 1964 मध्ये तो वेगळा ओळखला गेला. आपल्या मेंदूत ग्लुटामेट हा पेशींना चेतवणारा निरोप्या असतो. हा पदार्थ त्याच्यासारखाच दिसतो, म्हणून पेशी त्याच्याही हाकेला ओ देते आणि चेतत राहते. पाय हलवण्याचा हुकूम मेंदूतून कण्यात नेणाऱ्या पेशी अशा अतिश्रमाने मरतात. स्नायू शाबूत राहतात, पण त्यांना आवरणारा वरचा ताबा गेलेला असतो, म्हणून ते आखडतात. स्पर्श आणि वेदना वर नेणारी वाट वेगळी आहे. तिला बहुतेक वेळा धक्का लागत नाही.

म्हणून मी तिच्या नवऱ्याला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली: पाय आखडतो की झिणझिणतो? जिना उतरताना गुडघे ताठ होतात? चालताना मांड्या एकमेकींवर येतात? यातलं काहीच नव्हतं. रबाळ्याला रात्रपाळी करून आल्यावर दोन्ही तळव्यांत आग, मुंग्या, कधी बधिरपणा. हे लाखोळीचं चित्र नव्हे. पण म्हणून सोडून द्यावं असंही नव्हे, म्हणून मेंदू-मज्जातंतूच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली. तपासणीत बी-12 बरंच कमी निघालं. इंजेक्शनं सुरू झाली, तिसऱ्या महिन्यात आग कमी झाली.

मग हिशेब मांडला, तिच्याच वाटीने. एका वरणाला एक वाटी, साधारण दीडशे ग्रॅम. आठवड्याला तीनशे, खाणारी चार माणसं. माणशी दिवसाला दहा-अकरा ग्रॅम, तेही भात, पोळी, भाजीबरोबर. मुलीच्या वाट्याला त्याहूनही कमी. सासऱ्यांनी याच्या वीसपट-पंचवीसपट खाल्लं होतं, रोज, महिनोन्महिने, आणि सोबत दुसरं काही नव्हतं. आजार होतो तो अशा खाण्याने: ताटातला मोठा हिस्सा हीच डाळ आणि असे दोन-तीन महिने किंवा जास्त. हा आजार आनुवंशिक नाही. खाणं थांबलं की सहसा वाढत नाही, पण गेलेलं परतही येत नाही. वैद्यकात याच्या पायऱ्या काठ्यांवर मोजतात: बिनकाठीचा, एक काठीचा, दोन काठ्यांचा, आणि शेवटी सरपटणारा. मामाजी पन्नास वर्षं एका काठीवरच आहेत.

ती पहिल्यांदा नीट बसली. मला मात्र वेगळीच शंका आली होती. "गावाला सासूबाई एकट्याच आहेत ना? त्या काय खातात?"

तिने तिथूनच फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. यंदा तूर किडीने गेली होती. "तांदूळ रेशनचा आहे, लाखोळी घरची. दोन्ही टाइम तीच लावतो माय. चण्याचं पीठ महाग, त तिचंच दळून आणते."

घरातला काळजी करण्यासारखा माणूस सापडला होता. भात सोबत होता हे बरं, धान्याबरोबर खाल्ल्याने धोका कमी होतो. पण रोज दोनदा, तेही पीठ करून, हे मला मान्य नव्हतं. हा विषारी पदार्थ पाण्यात विरघळतो. डाळ गरम पाण्यात काही तास भिजवली, ते पाणी फेकलं, मग भरपूर पाण्यात उकळून तेही ओतून दिलं, तर त्याचा बराचसा भाग निघून जातो. सगळा जात नाही. कच्ची डाळ दळून पीठ केलं तर सगळंच पोटात जातं, म्हणून पीठ आधी बंद करायला सांगितलं. रतन, प्रतीक, महातेवरा अशी कमी ओडीएपीची वाणं निघाली आहेत, पण घरच्या पिढीजात बियाण्याचा भरवसा कसा देणार? 1961 पासून केंद्राच्या नियमांनी या डाळीच्या विक्रीवर निर्बंध आले. स्वतःच्या शेतातली स्वतःच्या चुलीवर शिजते तिथे तो कायदा पोचत नाही.

"आजी, पोटरीत गोळे येतात? सकाळी उठल्यावर पाय ताठ वाटतात?"

"नाही माय. वावरात जातो मी रोज."

"मग आठवड्यातून दोनदाच करा, आणि पाणी ओतून द्या."

"पानी फेकलं त चव जाते न बाई."

सून मध्येच म्हणाली, "आई, मी उद्याच पाच किलो तूरडाळ पाठवते." बाजूला काठीवर हात ठेवून बसलेले सासरे फोनकडे वाकले आणि मोठ्याने म्हणाले, "फेक म्हणते त फेक."