जुन्या लेखावरची तारीख बदलताना

प्रश्न: माझ्या साइटवर २०२३ चा एक लेख आहे. थोडी दुरुस्ती करून त्यावर आजची तारीख टाकली तर तो गूगलमध्ये वर येईल का? की ही लबाडी ठरेल?

नुसत्या तारखेने लेख वर येत नाही. मजकूर खरोखर बदलला असेल तर नवी तारीख दाखवण्यात लबाडी नाही. फक्त ती 'सुधारित' म्हणून दाखवावी, मूळ प्रकाशनाची तारीख पुसून नव्हे.

नव्या करप्रणालीवरचा माझा लेख ४ फेब्रुवारी २०२३ चा होता. त्यात सात लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही असे लिहिले होते. १ फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पाने ती मर्यादा बारा लाखांवर नेली, तेव्हा मी तक्ता आणि सगळी उदाहरणे नव्याने लिहिली, पत्ता तोच ठेवला, शीर्षकाखाली दोन्ही तारखा दिल्या आणि काय बदलले ते एका ओळीत नोंदवले. पानाच्या स्कीमामध्येही त्याच तारखा टाकल्या:

```json
"datePublished": "2023-02-04T09:30:00+05:30",
"dateModified": "2025-02-03T18:00:00+05:30"
```

गूगल एकाच खुणेवर विसंबत नाही. वाचकाला दिसणारी तारीख एक आणि स्कीमामधली दुसरी असेल, तर निकालात भलतीच तारीख येऊ शकते किंवा मुळीच येत नाही. शिवाय ताजेपणाला महत्त्व असते ते कराच्या नियमांसारख्या बदलत्या विषयांत. पुरणपोळीच्या कृतीला कालची तारीख लावून फारसे काही साधत नाही. भरीव भर न घालता लेख ताजा भासवू नये, असे गूगलच्या मार्गदर्शनातही स्पष्ट आहे.

माझी खरी चूक साइटमॅपमध्ये झाली. प्रत्येक लेखाखालचा संपर्क क्रमांक बदलण्यासाठी मी वर्डप्रेसमध्ये शे-दीडशे लेख एकगठ्ठा अपडेट केले आणि त्या सर्वांचा `lastmod` एकाच दिवसाचा झाला. ही तारीख सातत्याने खरी असल्याचे पडताळता येत असेल तरच गूगल ती विचारात घेते, आणि तळटीपेतला असा किरकोळ बदल गूगलच्या लेखी महत्त्वाचा नसतो. साइटमॅप उघडून पाहा: एकमेकांशी संबंध नसलेल्या जुन्या लेखांवर एकच दिवस दिसला, तर हेच घडले आहे असे समजावे. मी बॅकअपमधून `post_modified` आणि `post_modified_gmt` ची जुनी मूल्ये परत आणली. वर्डप्रेस स्वल्पविराम बदलला तरी ही वेळ पुढे सरकवते, त्यामुळे वाचकाला दिसणारी 'सुधारित' तारीख आता मी वेगळ्या फील्डमध्ये हाताने भरतो.

तुमच्या पर्मालिंकमध्ये वर्ष आणि महिना असेल, तर प्रकाशनाची तारीख बदलताच लेखाचा पत्ताही बदलतो. त्यामुळे त्या तारखेला तर हातच लावू नका.