पावणेतीनशे म्हणजे किती?

«आम्ही म्हापशाचे, घरी मराठी बोलतो, मुलगी इंग्रजी माध्यमात शिकते. शुक्रवारच्या बाजारात मिरचीवाल्या मावशीने 'पावणेतीनशे झाले' म्हटलं आणि मुलीने सव्वादोनशे काढून दिले. तिचं म्हणणं, पाऊण म्हणजे तीन चतुर्थांश, मग तीनशेचे तीन चतुर्थांश २२५च होतात. मला ते चूक आहे एवढं कळलं, पण का चूक ते नीट सांगता येईना. आणि तिचा दुसरा प्रश्न: साडेतीन, साडेचार आहे, मग साडेएक, साडेदोन का नाही?»

पावणेतीनशे म्हणजे २७५. पण मुलीला एकदम चूक म्हणू नका. तिने जो नियम लावला तो 'पाऊणशे'ला लावला असता तर बरोबर आला असता. शंभराचे तीन चतुर्थांश ७५, आणि पाऊणशे म्हणजे ७५च. 'पाऊण किलो' म्हणजे ७५० ग्रॅम, तिथेही तिचा नियम चालतो. फसतो तो पुढे आकडा आला की.

याचं कारण 'पाऊण' या शब्दातच आहे. तो मुळात 'तीन चतुर्थांश' असं सांगतच नाही. संस्कृत 'पादोन', म्हणजे पाद अधिक ऊन, त्याचा तो झिजलेला अवतार. पाद म्हणजे चौथा हिस्सा, ऊन म्हणजे उणा. 'पावने उणा', बस्स. कशाला उणा, ते पुढचा शब्द सांगतो. 'पावणेतीन' म्हणजे तीनला पाव उणा. पुढे काहीच आकडा नसला तर तिथे 'एक' गृहीत धरायचा: पाऊण म्हणजे एकाला पाव उणा. एकातून पाव काढला की तीन चतुर्थांश उरतात हा केवळ योगायोग, आणि शाळेत आपण नेमका तो योगायोग व्याख्या म्हणून शिकवतो. 'सव्वा'चंही असंच. 'सपाद' म्हणजे पावासकट. सव्वादोन म्हणजे पावासकट दोन, नुसता सव्वा म्हणजे पावासकट एक, तो एक पुन्हा न बोललेला.

आता राहिला प्रश्न की पाव कशाचा. आकड्याचा नाही, आकड्यामागून येणाऱ्या मापाचा. 'पावणेतीनशे' मनात असा फोडायचा: पावणेतीन, शे. 'शे' हे इथे डझन किंवा किलोसारखं मापच आहे. तीन शे, त्यातून पाव शे म्हणजे २५ वजा. मुलीने तो 'पाऊण, तीनशे' असा फोडला, म्हणून २२५ आले. गंमत अशी की पावणेतीनशेला तिने नेमके सव्वादोनशे दिले. दोन्ही शब्दांत तोच पाव, फक्त एकीकडे वजा आणि दुसरीकडे अधिक.

मापाप्रमाणे पावाची किंमत बदलत जाते. पावणेदोन डझन मोयऱ्याची केळी म्हणजे २१, कारण डझनाचा पाव ३. पावणेदोन तास म्हणजे १०५ मिनिटं, कारण तासाचा पाव १५. पावणेदोन हजार म्हणजे १७५०. मुलीला पाठ करायला सांगायचं असेल तर आकडे नकोत, एवढाच प्रश्न शिकवा: माप कुठलं, आणि त्याचा पाव किती? एकच रक्कम दोन मापांनी सांगता येते, तेही तिला दाखवा. १२५० ला कुणी सव्वा हजार म्हणेल, कुणी साडेबाराशे. पहिल्याने हजाराचा पाव जोडला, दुसऱ्याने शंभराचा अर्धा.

हे शब्द बाजारात इतके घट्ट का बसले ते मला आजोबांच्या दुकानात कळलं. डिचोलीला त्यांचं भुसारी दुकान होतं आणि कागद-पेन्सिल फक्त उधारीसाठी लागायची. त्यांची पद्धत तुमच्या मिरचीवर लावून बघू. समजा भाव किलोला २८० रुपये. गिऱ्हाईक बोलायच्या आत एकच गोष्ट काढून ठेवायची: पाव किलोचे ७०. आता पाऊण किलो मागितली तर २८० मधून ७० वजा, २१०. सव्वा किलोला ७० अधिक, ३५०. पावणेदोनला दोन किलोचे ५६० आणि त्यातून ७० वजा, ४९०. अडीचला ५६० आणि अर्ध्या किलोचे १४०, म्हणजे ७००. एकदाही गुणाकार करून दशांश चिन्ह सरकवावं लागत नाही. शब्द ऐकला की काय जोडायचं, काय वजा करायचं ते शब्दच सांगतो. ०.७५ गुणिले २८० हा हिशेब तोंडी करून बघा म्हणजे फरक कळेल. जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी असे अपूर्णांकांचे पाढे घोकून घेत, ते याचसाठी.

शब्द कुठल्याही एका मापाशी बांधलेले नसल्यामुळे मापं बदलली तरी ते गेले नाहीत. शेराचा पाव होता, तो किलोचा झाला. रुपयाचे १६ आणे होते तेव्हा पावली म्हणजे चार आणे. इथे पोर्तुगीज अमदानीत रुपियाचे १६ टांगे होते, तिथेही पावाचे चार टांगे बरोबर बसत. मग १०० पैशांचा पाव २५ झाला. ३० जून २०११ पासून पंचवीस पैशांचं नाणं चलनातून गेलं आणि पावली हा शब्द खरोखर निराधार झाला. सव्वा रुपया आता फक्त देवापुढे ठेवायच्या भाषेत उरलाय, आणि तिथेही एक रुपया आणि पाव कुठून आणायचा हा प्रश्न आहेच.

आता साडेएक, साडेदोन. मला स्वतःला हा भाग जास्त आवडतो. 'साडे' आलं 'सार्ध' पासून, अर्ध्यासकट. साडेतीन म्हणजे अर्ध्यासकट तीन. ही रीत सव्व्यासारखी, पूर्ण झालेला आकडा धरून त्यावर भर घालणारी. पण जुन्या भाषेत अर्ध्यासाठी आणखी एक रीत होती, पुढच्या आकड्याकडे बघणारी. दोन नारळ अखंड आणि तिसरा फोडून त्याची एक वाटी, असं समोर असेल तर ती म्हणायची 'तिसरा अर्धा': अर्धतृतीय. प्राकृतात त्याचं अड्ढाइज्ज झालं, आणि आपल्याकडे अडीच. 'दुसरा अर्धा' याच धर्तीचा द्व्यर्ध, प्राकृत दिवड्ढ, आपला दीड. म्हणजे दीडमध्ये 'दोन' लपलेत आणि अडीचमध्ये 'तीन'. या दोन जागा आधीच भरलेल्या होत्या, म्हणून साडेएक आणि साडेदोन यांना मराठीत शिरकावच मिळाला नाही.

या जोडीला तिसराही होता. 'चौथा अर्धा', अर्धचतुर्थ, त्याचं झालं 'औट'. साडेतीनसाठी हा शब्द. मानवी देह आपल्या हाताने साडेतीन हात, म्हणून संतांच्या भाषेत देहाला औट हात म्हणत. पाढ्यांतही औटकी होती. पण व्यवहारात साडेतीनने त्याला हुसकावलं आणि तो आता 'औट घटकेचं राज्य' एवढ्यात शिल्लक आहे. घटका २४ मिनिटांची, तेव्हा औट घटका म्हणजे ८४ मिनिटं, दीड तासही नाही. बरेच जण त्याला इंग्रजी 'आउट' समजतात, हे मी स्वतः ऐकलंय. दीड आणि अडीच टिकले आणि औट गेला, याचं कारण माझ्या तर्काने साधं आहे: घरासाठी बाजार करणारा माणूस दीड-अडीच किलो रोज घेतो, साडेतीन क्वचित.

दीडमध्ये दोन लपलेत खरे, पण मराठी त्याला मोजते एकवचनात. आपल्याकडे चतुर्थीला बहुतेक घरी असतो तो 'दीड दिवसाचा' गणपती, 'दीड दिवसांचा' नव्हे. दीड रुपया, सव्वा महिना, पण अडीच रुपये, अडीच महिने. घड्याळातही दीड वाजला, अडीच वाजले. पावणेदोनपासून पुढे अनेकवचन. हल्ली 'दीड वाजले' कानावर येतं; मला ते खटकतं, पण कान तयार नसलेल्याला दोष देण्याइतकं नाही. मुलीला मात्र 'पाऊण वाजता' म्हणजे पावणेएक, १२:४५, हे सांगून ठेवा. तिच्या तीन चतुर्थांशाच्या नियमाने ती वेळ कधीच सापडणार नाही, न बोललेल्या 'एका'च्या नियमाने लगेच सापडेल.

बाजारात आणखी एक जागा आहे जिथे ती फसेल. 'दीड-दोनशे होतील' असं विक्रेता म्हणाला तर तो दीड रुपयापासून बोलत नाहीये. शेवटचा 'शे' दोन्हींना लागतो: १५० ते २००. तसंच अडीच-तीनशे, साडेतीन-चार हजार. आणि दुकानात नुसतं 'अडीचशे द्या' म्हटलं तर ते ग्रॅमही असतात आणि रुपयेही. दोन्ही २५०, त्यामुळे शब्दावरून फरक कळत नाही, आवाजावरूनही नाही. किलोला हजार रुपये भाव असेल तर चिंता नाही, अडीचशे रुपयांत अडीचशे ग्रॅमच येतात. एरवी 'पाव किलो' म्हणावं हे बरं. अर्थात पोदेराकडे गेलात तर पाव वेगळा, तो पोर्तुगीजांचा 'पांव', आपल्या पादाशी त्याचं काही नातं नाही. एक आला पायावरून, दुसरा भट्टीतून.

या शब्दांची मर्यादाही तराजूवरच दिसते. ते पावापावाने चालतात, मधल्या वजनांना त्यांच्याकडे नाव नाही. परवा फोंड्याच्या बाजारात सुरण घेतला, इलेक्ट्रॉनिक काट्यावर १.२६५ आलं. विक्रेत्याने आकडा वाचलाच नाही. 'सव्वा किलो, पंधरा ग्रॅम वर,' म्हणाला, आणि वरचे सोडून सव्वाचे पैसे घेतले.