चार की आठ?

"मॅडम, मी नववीला मराठी शिकवते. चाचणीत एका मुलीच्या निबंधाला मी १० पैकी ४ दिले. पालकांनी तक्रार केली, म्हणून मुख्याध्यापकांनी तोच निबंध दुसऱ्या तुकडीच्या सरांकडून तपासून घेतला. सरांनी ८ दिले! आता स्टाफरूममध्ये सगळे माझ्याकडे बघतात. बावीस वर्षं शिकवतेय. मी इतकी चुकले का? की सर उगाच गुण वाटतात?"

बाई पहिल्यांदा नाशिकला गंगापूर रोडवर माझ्याकडे आल्या तेव्हा पर्समध्ये त्या निबंधाची झेरॉक्स होती. तीच आधी टेबलावर आली, बाकीचं मागून. विषय 'पावसाळ्यातला माझा एक दिवस'. मुलीच्या आजोबांचं भांडी बाजारात दुकान. गोदावरीला पूर आला की आजी रामकुंडावर कुणाला तरी पिटाळते, दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठपर्यंत पाणी आलंय ते बघायला. गुडघ्याला असेल तर चहा होतो. कमरेला लागलं की खालच्या फळीवरची पातेली वर चढवायची. मुलीने त्या दुपारचं लिहिलं होतं, पातेल्यांच्या आवाजासकट.

आणि कागदभर लाल गोल. मी मोजले, एकोणीस. त्यातले अकरा एकट्या 'पाणि' या शब्दाचे, तीन 'पुर'चे.

"बाई, या एकोणीस चुका की सात?" मी विचारलं. वेगवेगळे शब्द सातच होते. त्या क्षणभर गप्प झाल्या आणि म्हणाल्या, "तपासताना एकोणीसच दिसल्या."

या प्रकारात माझ्याकडे शिक्षक येतात तेव्हा त्यांना 'कोण बरोबर' हे हवं असतं. मी त्यांना आधी सांगते की हे नाशिकच्या एका शाळेचं दुखणं नाही. अमेरिकेत पॉल डीडरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली छापलेल्या अभ्यासात ३०० निबंध ५३ वाचकांकडून तपासून घेतले. श्रेण्या नऊ होत्या. एकाही निबंधाला पाचपेक्षा कमी वेगवेगळ्या श्रेण्या मिळाल्या नाहीत. वाचक अडाणी नव्हते, आपापल्या क्षेत्रातले जाणते होते. मग डीडरिकनी त्यांचे शेरे तपासले. दिसलं ते असं, की काही जण प्रामुख्याने विचार वाचत होते, काही मांडणी, काही व्याकरण-शुद्धलेखन, काही शब्दांची निवड, आणि काही लेखनाचा स्वाद. म्हणजे निबंध एकच, पण वाचलेली गोष्ट प्रत्येकाची निराळी.

बाईंना हे ऐकून बरं वाटलं, पण थोडंसंच. "म्हणजे मी व्याकरणवाली," त्या म्हणाल्या. ते मला त्यांच्या तोंडून इतक्या लवकर नको होतं. एका निबंधावरून कुणावरही असा शिक्का मारता येत नाही. म्हणून मी म्हटलं, सरांना घेऊन या, आणि वीस निबंध.

सर येतील की नाही अशी मला शंका होती. आले. शनिवारी शाळा सुटल्यावर पंचवटीतल्या त्यांच्याच एका वर्गात बसलो. दोन्ही तुकड्यांचे मिळून वीस निबंध, नावं आणि आधीचे गुण झाकून, दोन-दोन झेरॉक्स. दोघांचे गठ्ठे वेगवेगळ्या क्रमाने लावले, कारण तीन सुंदर निबंधांनंतर आलेला चौथा साधा निबंध सगळ्यांच्याच हातून मार खातो. आधीचे गुण झाकण्याबद्दल सर हसले. त्यांच्या शाळेत वर्षानुवर्षं 'दुहेरी तपासणी' होती, पण त्याच वहीवर, पहिल्या शिक्षकाचा लाल आकडा समोर ठेवून. तिथे मतभेद कधीच झाला नव्हता. कसा होणार? दुसरा माणूस निबंध नाही, आकडा तपासत होता.

तासाभराने दोघांचे गुण शेजारी मांडले. बाईंची सरासरी ५.२, सरांची ६.५. वीसपैकी १३ निबंधांत फरक शून्य किंवा एकचा. चारांत दोनचा, एकात तीनचा, दोनांत चक्क चारचा.

इथे बहुतेक लोक थांबतात आणि 'बाई कडक, सर सैल' असं म्हणून मोकळे होतात. ते खरंही आहे, पण अर्धंच. मी बाईंच्या सगळ्या गुणांत एकेक वाढवला. म्हणजे त्यांची कडकाई कागदावरून पुसली. आता एकच्या आत फरक असलेले निबंध १३ वरून १६ झाले. कडकाईने जेवढा गोंधळ केला होता तेवढा गेला. अशी सरळ कडकाई मुलांना तशी कमी नडते. सगळ्या तुकडीला एकच शिक्षक तपासत असेल तर क्रम तोच राहतो. नडते ती दोन तुकड्यांना दोन शिक्षक असतात तेव्हा, आणि तिच्यावर उपायही सोपा असतो.

उरले चार. खरं भांडण त्या चारांत होतं.

तीन निबंधांत सर अजूनही वरचढ होते. एक तो पुराचा, आणि दुसरे दोन तशाच जातीचे: चुका पुष्कळ, पण स्वतःचं पाहिलेलं. चौथ्यात मात्र उलटं झालं. तिथे बाईंनी ८ दिले होते, सरांनी ७. कडकाई पुसल्यावर ९ आणि ७. 'कडक' बाई इथे सरांपेक्षा उदार! निबंध उचलून पाहिला. मोत्यासारखं अक्षर, एकही चूक नाही, सुरुवातीला 'सृष्टीने हिरवा शालू पांघरला', शेवटी 'पावसाळा हा ऋतूंचा राजा'. 'माझा एक दिवस' कुठेच नाही. गाईडमधला होता, आणि सरांना तो ओळखीचा वाटला होता. बाईंनाही वाटला असावा, पण स्वच्छ कागदाचं त्यांच्यावर वजन पडलं. अक्षर चांगलं दिसलं की विचारही चांगले वाटायला लागतात, ही जुनी खोड आहे आणि ती फक्त बाईंची नाही.

मग निकष ठरवायला घेतले. पहिली यादी सरांनी फळ्यावर लिहिली: आशय, मांडणी, भाषा, आणि प्रत्येकापुढे 'उत्तम, चांगले, समाधानकारक'. मला माहीत होतं ती चालणार नाही, पण मी बोलले नाही, कारण हे सांगून पटत नाही. पुराच्या निबंधाचा आशय त्या यादीने तपासला. सर: उत्तम. बाई: समाधानकारक. दोघांचं भांडण होतं तिथेच राहिलं, फक्त त्याला तीन रकाने आले.

'उत्तम' या शब्दाचा अर्थ प्रत्येकाच्या डोक्यात असतो. म्हणून शब्द सोडून नमुने धरले. त्याच वीसांतले चार निबंध निवडले आणि प्रत्येकाला किती, यावर दोघं एकमत होईपर्यंत बोलले. वाद झाला. बाईंना भाषेला ५ गुण हवे होते, सरांना २. याचं गणिती उत्तर नाही, शाळेने एकदा ठरवायचं आणि मुलांना परीक्षेआधी सांगायचं. शेवटी अनुभव आणि आशयाला ५, मांडणीला २, भाषेला ३ असं ठरलं. शुद्धलेखनात एक शब्द कितीदाही चुकला तरी चूक एकच, वेगवेगळ्या तीन चुकांना एक गुण वजा. आणि तयार मजकूर असेल तर आशयाला जास्तीत जास्त १.

या हिशेबाने पुराच्या निबंधाला आशयाचे ४, मांडणीचे २ आणि सात चुकांमुळे भाषेचा १, एकूण ७ मिळाले. गाईडच्या निबंधाला आशयाचा १, विषय सोडल्यामुळे मांडणीचा १, भाषेचे पूर्ण ३, म्हणजे ५. बाईंनी तो ५ लिहिताना पेन थोडं अडवलं, पण लिहिला.

"मग माझे चार चुकीचेच होते ना?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, चार तुमच्या मोजपट्टीने बरोबर असतील, पण ती मोजपट्टी मुलीला कुणी दाखवली नव्हती. आणि सरांचे आठही तसेच होते. चुकांकडे त्यांनी जवळजवळ पाहिलंच नव्हतं.

पंधरा दिवसांनी नवे वीस निबंध, पुन्हा झाकून, चार नमुने समोर ठेवून. एकच्या आत फरक: १८. उरलेल्या दोनांत दोनचा. सरांना वाटलं, सरासरी काढून टाकू. एक-दीड गुणाच्या साध्या चढउताराला सरासरी चालते, दोघांच्या योगायोगाच्या चुका काही अंशी एकमेकींना खातात. पण पहिल्या वेळच्या ४ आणि ८ ची सरासरी ६ आहे, आणि तो निबंध सहाचा आहे असं त्या खोलीत कुणालाच वाटत नव्हतं. मोठ्या फरकाची सरासरी म्हणजे वाद झाकून ठेवणं. म्हणून नियम असा केला, की दोन किंवा जास्त फरक आला तर दोघांनी तो निबंध एकत्र वाचायचा, तरी अडलं तर तिसऱ्याने, गुण न बघता.

शेवटचा एकचा फरक जात नाही. तो घालवायच्या नादात शाळा कधी कधी निकषांची इतकी बारीक चाळण करतात, की 'म्हण वापरली: अर्धा गुण' अशी पाळी येते. मग शिक्षकांचं अगदी छान जुळतं, आणि मुलं निबंधात म्हणी कोंबायला शिकतात. दोघांचं जुळलं म्हणजे दोघंही बरोबर, असं नसतं. दोघंही अक्षरावर भाळले तरी आकडे जुळतातच.

शिवाय तपासणारा स्वतःशीही जुळत नाही. इंग्लंडमध्ये हार्टोग आणि ऱ्होड्स यांनी १९३५ साली छापलेल्या अभ्यासात इतिहासाचे तेच पेपर त्याच परीक्षकांकडून वर्ष-दीड वर्षाने पुन्हा तपासून घेतले. २१० निकालांपैकी ९२ बदलले. हे सांगितल्यावर बाईंनी स्वतःहून पहिल्या गठ्ठ्यातले दहा निबंध तीन आठवड्यांनी पुन्हा तपासले, जुन्याच सवयीने, जुने गुण न बघता. दोनांत दोन-दोन गुणांचा फरक निघाला. त्या फोनवर बराच वेळ हसत होत्या. मग आठवून म्हणाल्या, पुराचा निबंध मूळ गठ्ठ्यात त्रेचाळिसावा होता, रात्री साडेअकरानंतरचा. आता बाई निबंधाचा प्रश्न सगळ्या वह्यांत एका बैठकीत तपासतात, आणि शेवटी पहिल्या पाच वह्या पुन्हा उघडून बघतात, हात कुठे सरकला का ते.

फेब्रुवारीत त्यांचा परत फोन आला. शाळेत नवे सर रुजू झाले होते. बाईंनी त्यांना चारही नमुने दिले, गुण झाकून. गाईडच्या निबंधाला त्यांनी ८ दिले.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काही नाही मॅडम. पुराचा पुढे सरकवला आणि म्हटलं, सर, हा जरा मोठ्याने वाचा."