नावे दोन आणि तलाव एक, मग नवे काय कळते?

प्रश्न: ‘अ म्हणजे अ’ आणि ‘अ म्हणजे ब’ ही दोन्ही विधाने एकाच वस्तूबद्दल असतील, तर दुसऱ्यातच नवी माहिती कशी? नुसता नावांचा फरक नाही का?

मी नागपुरात शिकायला आलो तेव्हा आत्या तेलंगखेडीच्या तलावाबद्दल बोलत असे, आणि वर्गातली मुले संध्याकाळी फुटाळ्याच्या चौपाटीवर जात. हे दोन तलाव आहेत असे मी कित्येक महिने धरून चाललो होतो. ‘फुटाळा म्हणजे फुटाळा’ हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. ‘फुटाळा म्हणजेच तेलंगखेडीचा तलाव’ हे मात्र कळावे लागले. (पहाटेचा तारा आणि सायंकाळचा तारा म्हणजे एकच शुक्र, हे प्रसिद्ध उदाहरण मी टाळतो आहे, कारण पहाटे दिसो वा सायंकाळी, आपण त्याला शुक्राची चांदणीच म्हणतो.)

एवढ्यावरून आपल्याप्रमाणेच कुणीही म्हणेल की फरक फक्त नावांचा आहे. जर्मन तर्कशास्त्रज्ञ गॉटलोब फ्रेगे याचेही १८७९ मध्ये साधारण हेच मत होते, पण १८९२ च्या निबंधात त्याने ते सोडले. कोणत्या वस्तूला कोणते नाव द्यावे हे आपल्या मर्जीवर असते. तेव्हा अशा विधानातून केवळ आपली नावे ठेवण्याची रीत कळेल, वस्तूबद्दल काही कळणार नाही.

त्याचेच उदाहरण शाळेच्या भूमितीतले आहे. त्रिकोणाच्या तीन मध्यगा क, ख, ग काढा. ‘क आणि ख यांचा छेदनबिंदू’ आणि ‘ख आणि ग यांचा छेदनबिंदू’ हे दोन शब्दप्रयोग एकाच बिंदूकडे बोट दाखवतात. तो बिंदू म्हणजे त्यांचा निर्देश. पण पहिला प्रयोग त्या बिंदूपर्यंत एका जोडीने नेतो आणि दुसरा दुसऱ्या जोडीने. वस्तू समोर येण्याच्या या रीतीला फ्रेगे आशय म्हणतो. दोन्ही प्रयोग नीट समजलेला विद्यार्थीसुद्धा ते बिंदू एकच आहेत का, अशी शंका घेऊ शकतो, आणि त्यात त्याची भाषेची चूक मुळीच नसते. आशय वेगळे आहेत हे ओळखायची खूण हीच. शंका मिटते ती सिद्धतेने: कोणत्याही दोन मध्यगा एकमेकींना शिरोबिंदूकडून २:१ या प्रमाणात छेदतात, म्हणून क आणि ग या दोघीही ख ला एकाच जागी छेदतात. येथे कळले ते त्रिकोणाबद्दल कळले, नावांबद्दल नाही.

विशेषनामांत मात्र एक अडचण उरते, आणि फ्रेगेने ती मान्य केली आहे. छेदनबिंदूच्या वर्णनाचा आशय त्यातल्या शब्दांनीच ठरतो, तर ‘फुटाळा’ या नावाचा आशय माणसागणिक बदलू शकतो. माझ्यासाठी तो मुले संध्याकाळी जात तो तलाव होता आणि तेलंगखेडीचा तलाव आत्याच्या बोलण्यातला होता. पण ज्याच्या मनात दोन्ही नावांशी पहिल्यापासून एकच ओळख जोडलेली आहे, त्याला मला कळलेल्या त्या वाक्यातून काहीच नवे मिळत नाही.